अक्षरं तीच, मग अनुग्रहानं काय बदलतं?

प्रश्न: "मी सातारचा. वडील गेल्यापासून दोन वर्षं रोज 'श्रीराम जय राम जय जय राम' हा जप करतो. एका पुस्तकात वाचून सुरू केला. माझ्या मावशीनं गोंदवल्याला अनुग्रह घेतलाय. ती म्हणते, घेतलेला मंत्र आणि वाचलेला मंत्र यांत फरक असतो. अक्षरं तर तीच आहेत, मग फरक कशाचा? माझा जप वाया गेला का? आणि येत्या नवरात्रात पुस्तकात पाहून नवार्ण मंत्र सुरू करायचं मनात आहे. करू का?"

तुमचा जप वाया गेलेला नाही. तो आहे तसा चालू ठेवा. नवार्ण, म्हणजे देवीचा नऊ अक्षरी मंत्र, मात्र पुस्तकात पाहून सुरू करू नका.

एकीकडे 'चालू ठेवा' आणि दुसरीकडे 'नको' असं का, हे सांगण्याआधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी वाईला गुरुजींजवळ बसून मंत्रशास्त्र शिकलो आणि गेली बरीच वर्षं साताऱ्यात सप्तशतीचा पाठ आणि उच्चार शिकवतो. दीक्षा देण्याचा अधिकार मला नाही आणि मी ती देत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण तुमच्यासारखेच असतात, पुस्तकातून काहीतरी सुरू केलेले आणि पुढे कुठेतरी अडलेले.

आपण बोलताना सगळ्यालाच 'मंत्र' म्हणतो, पण तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींची जात वेगळी आहे. तुमचं त्रयोदशाक्षरी हे मुळात नाम आहे. त्यातला प्रत्येक शब्द अर्थासकट तुम्हाला कळतो. रामाला हाक मारायची आणि त्याचा जयजयकार करायचा, एवढंच त्यात आहे. त्याला 'ह्रीं'सारखं बीज नाही, अंगाला स्पर्श करत मंत्र स्थापायचा न्यास नाही, सोवळ्याची अट नाही. समर्थांच्या परंपरेत हा जप सज्जनगडापासून गावोगावच्या मठांपर्यंत उघडपणे, टाळ्या वाजवून म्हटला जातो. गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) तर शेतकऱ्यापासून सरकारी कारकुनापर्यंत सगळ्यांना हेच नाम घ्यायला लावलं. नामाला अधिकार लागत नाही, ते कुणीही, कधीही घ्यावं, ही आपल्याकडच्या संतांची सरळ भूमिका आहे. म्हणून 'पुस्तकात वाचून घेतलं' एवढ्या कारणानं नामजप निष्फळ ठरत नाही. तसं सांगणारा कुणी भेटला तर त्याला विचारा, की मग भजनात हजारो लोक एका सुरात नाम घेतात ते काय करतात?

तरीही तुमची मावशी चुकीचं बोलत नाही. ती ज्या फरकाबद्दल बोलतेय तो खरा आहे, फक्त तो अक्षरांत शोधला तर सापडणार नाही.

पहिला फरक कानाचा आहे. तुमच्या मंत्रात मोजायला गेलं तर 13 अक्षरं भरतात: श्री, रा, म, ज, य, रा, म, ज, य, ज, य, रा, म. पण आपण मराठी माणसं 'राम' आणि 'जय' यांचा शेवटचा 'अ' उच्चारत नाही, त्यामुळे तोंडातून ठोके पडतात सातच: श्री, राम्, जय्, राम्, जय्, जय्, राम्. छापील ओळीत हे दिसत नाही. कुठे थांबायचं, 'जय जय' जोडून घ्यायचं की सुटं, श्वास कुठे सोडायचा, हे छापलेलं नसतं. पुस्तकावरून सुरू करणारा माणूस हे सगळं स्वतःच ठरवतो, आणि काही महिन्यांत वेग वाढला की बहुतेकांचं 'श्रीराम जेराम जेजेराम' होतं. जप करणाऱ्याला ते ऐकू येत नाही, कारण त्याच्या मनात बरोबर शब्दच चाललेले असतात. हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे शेवटची माळ मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायची. पहिली माळ रेकॉर्ड करून उपयोग नाही, तेव्हा सगळेच नीट म्हणतात.

मंत्र देताना गुरू हेच करतो. तो म्हणतो, तुम्ही मागून म्हणता, तो दुरुस्त करतो, तुम्ही पुन्हा म्हणता. मुंजीत गायत्री कशी देतात ते आठवा. बाप किंवा आचार्य मुलाला आधी एक पाद म्हणून दाखवतो, मग अर्धी ऋचा, मग सगळी. मंत्र एकदम हातात ठेवून दिला जात नाही, तो तोंडात बसवला जातो. आगमांच्या काही पद्धतींत तर मंत्र दिल्यानंतर गुरूनं स्वतः त्याच मंत्राचा एक हजार आठ जप करावा असं सांगितलंय. दिल्यामुळे आपल्याकडचं काही खर्च झालं आणि ते भरून काढायचं, अशी त्यामागची समजूत आहे. पुस्तकाला असं काही भरून काढावं लागत नाही.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. दिलेला मंत्र तुम्ही निवडलेला नसतो. पुस्तकातून घेणारा माणूस शंभर मंत्रांतून एक उचलतो, म्हणजे उरलेले नव्याण्णव त्याच्या मनात शिल्लक राहतात. कुठल्याही जपात कोरडे दिवस येतात. माळ ओढली जाते, मन लागत नाही, काही घडत नाही. अशा वेळी निवडणारा माणूस पुन्हा निवडायला जातो: रामनाम जमेना म्हणून दत्त, दत्त जमेना म्हणून देवी. रागावू नका, पण तुमच्या प्रश्नातला नवार्णाचा विचार मला थोडा याच जातीचा वाटतो. दोन वर्षांनी जप कोरडा पडू लागला आहे का, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. ज्यानं अनुग्रह घेतलाय त्याच्यापुरता हा प्रश्न मिटलेला असतो. त्याला पर्याय नसतो, म्हणून तो कोरड्या दिवसांतूनही तेच नाम घेत पलीकडे जातो. दोन माणसं तीच तेरा अक्षरं म्हणत असली तरी एकाच्या मनात दार उघडं असतं आणि दुसऱ्यानं ते लावून घेतलेलं असतं.

यातून परंपरा 'अनुग्रह' म्हणजे काय समजते ते कळतं. अनुग्रहानं कुणी एक गुपित तुमच्या कानात सांगत नाही. गोंदवल्यात जे नाम दिलं जातं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तिथे महाराजांनी देह ठेवल्यानंतरही त्यांच्या नावानं अनुग्रह दिला जातो, आणि घेणारा असं मानतो की आता या जपाची काळजी माझ्या एकट्याची राहिली नाही. तुमच्या मावशीला जो फरक वाटतो तो हा आहे. ती जप 'करते' तेव्हा तिच्या मागे कुणीतरी उभं असतं.

तुकोबांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 'रामकृष्णहरी' हे नाम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं, वारी घराण्यातच होती. तरीही त्यांनी अभंगात मुद्दाम नोंदवून ठेवलं की गुरू बाबाजींनी आपलं नाव सांगितलं, गुरुपरंपरा सांगितली आणि हा मंत्र दिला, आणि तो दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार होता. तेही स्वप्नात. ज्याला नाम आधीच ठाऊक होतं त्यानं मिळाल्याचा दिवस लिहून ठेवावा, याचा अर्थ त्यांच्या लेखी मिळण्यात काहीतरी घडलं होतं. आणि ते घडायला समोर देहधारी गुरू बसलेला असावाच लागतो असंही नाही, हेही त्याच अभंगातून दिसतं.

आता ज्या गुरूंचं म्हणणं याहून कडक असतं त्यांच्याकडे वळू. 'पुस्तकातला मंत्र मेलेला असतो' असं तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं असेल. हे बोलणं तंत्रपरंपरेतून आलंय आणि ते बीजमंत्रांबद्दल आहे. कुलार्णवतंत्रात तर पुस्तकातून पाहून जप करणाऱ्याला फार मोठं पाप लावलंय. पण मला त्या धाकापेक्षा अभिनवगुप्तांचं विवेचन अधिक समजून घेण्यासारखं वाटतं. साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये तंत्रालोक लिहिताना ते म्हणतात की लिपीत असलेला मंत्र निर्वीर्य असतो, त्याचं तेज पुस्तकातून प्रकटत नाही. त्यांच्या मते मंत्राचं सामर्थ्य अक्षरांच्या आकारात नसून त्यामागच्या जागृत जाणिवेत आहे, आणि ती जाणीव ज्याच्यात जागी आहे त्याच्याकडूनच ती पुढे जाते. शाईनं तो आकार तेवढा पोचवता येतो.

पण तेच अभिनवगुप्त पुढे एक अपवादही मान्य करतात. पुस्तकातून मिळालेल्या मंत्रातही ज्यांना त्याचं वीर्य आपोआप उमगतं, असे काही जण असतात. त्यांच्यावर संस्कार प्रत्यक्ष देवतेकडून झालेला असतो, असं ते मानतात. दीक्षेचा एवढा आग्रह धरणाऱ्या आचार्यानं हे दार उघडं ठेवलं, म्हणून पुस्तकवाल्यांना सरसकट पापी म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मात्र अपवाद हा अपवाद असतो. 'मी त्यांपैकीच असेन' असं धरून चालणं धोक्याचं आहे, आणि हा धोका नवार्णात नीट दिसतो.

नवार्णात नऊ अक्षरं आहेत: ऐं, ह्रीं, क्लीं, चा, मुं, डा, यै, वि, च्चे. पुस्तक उघडा, तिथे बहुतेक वेळा सुरुवातीला ॐ छापलेला असतो. ॐ धरला तर अक्षरं दहा होतात, मग नाव नवार्ण कसं? काही परंपरांत ॐ जोडून जप करतात, काहींत जोडत नाहीत. दोघांकडे आपापली कारणं आहेत, पण पुस्तक वाचणाऱ्याला त्यातलं कुठलं घ्यावं हे ठरवता येत नाही. मंत्राच्या आधी विनियोग छापलेला असतो, त्यात ब्रह्मा, विष्णू, रुद्र हे ऋषी, गायत्री, उष्णिक्, अनुष्टुप् हे छंद, ऐं बीज, ह्रीं शक्ती आणि क्लीं कीलक सांगितलेलं असतं. मग करन्यास, हृदयादिन्यास, ध्यान. घाईत असलेला माणूस ही पानं उलटून थेट मंत्रावर येतो. शिवाय सप्तशतीबरोबर जे कीलकस्तोत्र वाचलं जातं त्यात स्वच्छ म्हटलंय की महादेवानं ही विद्या कीलित, म्हणजे खिळा मारावा तशी बंद, करून ठेवली आहे, आणि आपलं सगळं देवीला अर्पण करून तिच्याकडून प्रसाद म्हणून परत घेतल्याशिवाय ती प्रसन्न होत नाही. म्हणजे इथे ग्रंथ स्वतःच सांगतोय की नुसतं वाचून हाती घेता येणार नाही.

उच्चाराचं तर विचारू नका. मराठी जिभेला 'ह्र' जड जातो, आपण नकळत 'ऱ्हीं' म्हणतो. 'ऐं'चं 'अईं' होतं. 'चामुण्डायै'मधला च 'चाक'मधल्यासारखा नसून 'चार'मधल्यासारखा, टाळूचा हवा. 'विच्चे'मधलं द्वित्व गळून 'विचे' होतं. अनुस्वार कुणी 'म'वर ओठ आवळून तोडतो, कुणी नाकातच ठेवतो. हे सगळं समोर बसून अर्ध्या तासात दुरुस्त होतं. एकट्यानं करत राहिलात तर चुकीचं तेवढं पक्कं होतं.

कराडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी पुस्तकातून नवार्ण घेतला होता आणि रोज अकरा माळा करत होत्या. अकराच का? तर शुभ आकडा म्हणून. घरची कामं आटोपून रात्री अकरानंतर बसायच्या, उठायला बारा वाजून जायचे. तीनेक महिन्यांनी झोप उडाली, डोक्यात गरम वाटायला लागलं, जबडा दुखायला लागला, आणि झोप लागता लागता कुणीतरी हाक मारतंय असं वाटू लागलं. कुणीतरी सांगितलं, देवी कोपली, शांत करावी लागेल, खर्च येईल.

मी त्यांना फक्त माझ्यासमोर एक माळ करायला सांगितलं. एका श्वासात त्या पाच-सहा आवृत्त्या ओढत होत्या, प्रत्येक बीजावर दात आवळत होत्या, आणि शेवटी धापा टाकत होत्या. जबडा आणि डोक्याचं उत्तर तिथेच मिळालं. झोपेचं निम्मं उत्तर बसण्याच्या वेळेत होतं. मी त्यांना जप त्या दिवसापासून पूर्ण थांबवायला सांगितलं आणि हाका ऐकू येतात म्हणून डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्या गेल्या, उपचार घेतले. दरम्यान सकाळी आंघोळीनंतर आपल्या कुलस्वामिनीचं, औंधच्या यमाईचं, नुसतं नाम घ्यायचं, मोठ्यानं, माळेशिवाय, एवढंच ठेवलं. काही आठवड्यांत झोप परत आली. यात मंत्राचा भाग किती आणि जागरणाचा, श्वास कोंडण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि मी तसा दावा करत नाही.

पुढे वर्षभरानं त्यांच्या माहेरच्या परंपरेतल्या गुरूंनी त्यांना नवार्णच दिला. अक्षरं तीच, ॐशिवाय. पण सोबत सांगितलं: सकाळीच बसायचं, एकच माळ, उपांशु म्हणजे ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात, आणि वाढवायचं झालं तर मला विचारून. हिशेब करून पाहा. मंत्राचं पुरश्चरण म्हणजे अक्षराला एक लाख या प्रमाणानं इथे 9 लाख जप, त्याच्या दशांशानं 90,000 हवन, 9,000 तर्पण, 900 मार्जन आणि 90 जणांना भोजन. एका माळेचे शंभर धरले तर रोज एका माळेनं 9 लाखांना जवळजवळ 25 वर्षं लागतात. म्हणजे गुरूंना पुरश्चरण घाईनं उरकून हवंच नव्हतं. त्यांनी त्या बाईंची प्रकृती, घर आणि वेळ पाहून माप दिलं होतं. पुस्तकात 9 लाख लिहिलेले असतात, पण ते कुणी, केव्हा आणि किती वेगानं करावेत हे तिथे लिहिता येणारच नाही. मला विचाराल तर घेतलेल्या आणि वाचलेल्या मंत्रातला सर्वांत उपयोगी फरक या मापातच आहे. त्या बाई आजही एकच माळ करतात आणि व्यवस्थित झोपतात.

तेव्हा या नवरात्रात देवीसाठी काही करायचं असेल तर कुलस्वामिनीचं नाम घ्या, किंवा सप्तशतीचा पाठ जाणकारांसमोर बसून शिकायला सुरुवात करा. नवार्ण मनात राहिलाच तर जो स्वतः तो करतो आणि ज्याला तो कुणाकडून तरी मिळालाय अशा माणसाकडे जा. त्याला दोन गोष्टी विचारा: तुम्हाला हा कुणी दिला, आणि मला त्रास झाला तर मी तुम्हाला येऊन भेटू शकतो का? पहिल्याचं उत्तर टाळणारा, दुसऱ्याला कंटाळणारा, किंवा मंत्राआधी पैशांचा आकडा सांगणारा असेल तर नमस्कार करून परत या. 'सोडलास तर अनर्थ होईल' अशी भीती घालणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका.

नाम गोंदवल्याला जाऊन घ्यायचं की नाही, हे मावशीच्या आग्रहावर ठरवू नका. तुम्हाला 'आता हेच, दुसरं नाही' असं मनापासून वाटेल तेव्हा जा. जाण्याआधी महिनाभर बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त हे नाम घेऊन पाहा, म्हणजे वाटतंय ते टिकतंय का ते कळेल. अनुग्रह झाला की तिथे जी संख्या किंवा वेळ सांगतील ती आधीच्या तुमच्या सवयीपेक्षा कमी असली तरी तीच पाळा. मागच्या दोन वर्षांचा जप वहीत मोजून ठेवला असेल तर तो नव्या मोजणीत मिळवू नका. तो रामाला अर्पण केला असं म्हणा, वडिलांच्या नावानं सोडलात तरी चालेल, आणि नवीन वही पहिल्या माळेपासून सुरू करा.